आय-एस व एल-एम आकृतीतील चलनविस्तार : दोन समतोलांमधील अंतर

पदव्युत्तर अभ्यासक्रमातील समग्रलक्षी अर्थशास्त्राच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत विस्तारवादी चलन धोरणाचे विवेचन एका ठराविक वाक्याने उरकले जाते. मध्यवर्ती बँकेने पैशाचा पुरवठा वाढविला की एल-एम वक्र उजवीकडे सरकतो, व्याजदर उतरतो आणि उत्पन्न वाढते, हे ते वाक्य होय. वाक्य चुकीचे नाही. तथापि त्यात सांगितलेल्या दोन परिणामांचा परस्परांशी संबंध काय, उत्पन्न किती वाढेल हे कशावर अवलंबून आहे, आणि अपेक्षेइतके ते वाढले नाही तर अडथळा कोठे आहे हे कसे ओळखावे, यांविषयी ते मौन पाळते. आकृतीचे खरे सामर्थ्य या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरात आहे, आणि तिची मर्यादाही तेथेच उघडी पडते.

जॉन हिक्स यांनी १९३६ साली ऑक्सफर्ड येथे इकॉनॉमेट्रिक सोसायटीच्या सभेत वाचलेल्या व १९३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात ही आकृती प्रथम अवतरली. केन्स आणि त्यांनी ज्यांना ‘अभिजात’ म्हटले ते अर्थशास्त्रज्ञ यांच्यांत नेमका मतभेद कोठे आहे, हे एका दृष्टिक्षेपात दाखविणे हा त्या निबंधाचा हेतू होता. पैशाच्या बाजूच्या वक्राला हिक्स यांनी ‘एल-एल’ म्हटले होते. आज रूढ असलेले ‘एल-एम’ हे नाव व आकृतीची वर्गातील लोकप्रियता यांचे श्रेय मुख्यतः आल्विन हॅन्सन यांच्याकडे जाते. मूळ निबंधातील एक गोष्ट मात्र पाठ्यपुस्तकांत बहुधा हरवते. हिक्स यांचा वक्र सरळ रेषा नव्हता. डाव्या टोकाला तो जवळजवळ आडवा व उजव्या टोकाला जवळजवळ उभा होता, आणि त्यांचा सारा युक्तिवाद त्या वाकण्यावर आधारलेला होता. तोच वक्र मध्यम चढाची सरळ रेषा म्हणून काढला की आकृती सुबक दिसते, परंतु जो वाद मिटविण्यासाठी ती जन्मली तो वादच त्यातून नाहीसा होतो.

आकृतीची घडण थोडक्यात अशी. आडव्या अक्षावर उत्पन्न, उभ्या अक्षावर व्याजदर. व्याज उतरले की गुंतवणूक वाढते आणि गुणकाच्या द्वारे उत्पन्न वाढते, म्हणून वस्तुबाजाराच्या समतोलाचा आय-एस वक्र उजवीकडे उतरता असतो. उत्पन्न वाढले की व्यवहारांसाठी अधिक पैसा लागतो आणि पैशाचा साठा ठरलेला असल्यास तो पैसा लोकांच्या निष्क्रिय शिलकांतून बाहेर काढण्यासाठी व्याज चढावे लागते, म्हणून पैशाच्या बाजाराच्या समतोलाचा एल-एम वक्र उजवीकडे चढता असतो. किंमत पातळी स्थिर मानलेली असते. या गृहीताकडे पुढे परत यावे लागेल.

विवेचन हवेत राहू नये म्हणून काही काल्पनिक संख्या घेणे सोयीचे आहे. उत्पन्नासाठी ‘उ’ व टक्क्यांतील व्याजदरासाठी ‘व’ ही अक्षरे योजली आहेत. उपभोग १०० + ०.७५उ इतका, गुंतवणूक ३०० − २५व इतकी आणि सरकारी खर्च १०० असा माना. तिन्हींची बेरीज उत्पन्नाइतकी असली पाहिजे, या अटीवरून आय-एस वक्राचे समीकरण मिळते :

उ = २००० − १००व

पैशाची मागणी ०.५उ − १००व आणि पुरवठा ४०० असेल, तर एल-एम वक्राचे समीकरण होते :

उ = ८०० + २००व

दोन्ही समीकरणे एकत्र सोडविली म्हणजे व्याजदर ४ टक्के व उत्पन्न १६०० येते. पडताळा सोपा आहे. या बिंदूवर उपभोग १३००, गुंतवणूक २०० व सरकारी खर्च १०० मिळून १६०० होतात. आणि पैशाची मागणी ८०० वजा ४००, म्हणजे पुरवठ्याइतकीच ४०० आहे.

आता मध्यवर्ती बँक सरकारी रोखे विकत घेऊन पैशाचा साठा ४०० वरून ५५० करते. एल-एम वक्र उ = ११०० + २००व असा होतो. नवा छेदबिंदू ३ टक्के व्याज व १७०० उत्पन्न असा आहे. उत्पन्न १०० ने वाढले आणि व्याज एका टक्क्याने उतरले. पाठ्यपुस्तकाचा परिच्छेद येथे संपतो.

खरी जिज्ञासा मात्र येथून सुरू व्हावयास हवी. बँकेने रोखे घेतले त्या दिवशी उत्पन्न वाढलेले नसते. कारखाने कालच्या इतकाच माल काढीत असतात. म्हणजे १५० चा हा जादा पैसा व्यवहारांत शिरू शकत नाही. तो कोणीतरी शिलकेत ठेवण्यास राजी झाला पाहिजे. उत्पन्न १६०० च असताना पैशाची मागणी ५५० होण्यासाठी व्याजदर २.५ टक्क्यांवर यावा लागतो. त्या दराला गुंतवणूक वाढू लागते, मागून उत्पन्न वाढते, वाढत्या उत्पन्नाबरोबर व्यवहारांची पैशाची गरज वाढते आणि व्याजदर २.५ वरून हळूहळू ३ पर्यंत परत चढतो. पहिल्या धक्क्यातील दीड टक्क्याच्या उतारापैकी अर्धा टक्का अशा रीतीने परत जातो. चलनविस्तारानंतर काही काळाने व्याज वर चढताना दिसले तर धोरण फसले किंवा उलटविले गेले असा निष्कर्ष काढण्याची घाई अनेकजण करतात. या उदाहरणात तो चढ धोरणाच्या यशाची खूण आहे. उत्पन्न वाढलेच नसते तर व्याजही २.५ वरच राहिले असते.

हा सारा प्रवास आकृतीत मात्र कोठेही काढलेला नाही. तो वाचकाला स्वतःच्या कल्पनेने भरावा लागतो. दोन छेदबिंदूंमध्ये किती महिने गेले हे आकृती सांगत नाही, कारण काळ हा तिचा अक्षच नाही. पुढे १९८०-८१ च्या सुमारास हिक्स यांनी स्वतःच आपल्या या अपत्याकडे संशयाने पाहिले. एल-एम वक्र एका क्षणीच्या साठ्याचा समतोल दर्शवितो, तर आय-एस वक्र एका कालखंडातील प्रवाहाचा. दोघांना एकाच कागदावर काढण्यासाठी कालखंडाविषयी जी गृहीते करावी लागतात ती सहज पटण्याजोगी नाहीत, असा त्यांच्या आक्षेपाचा रोख होता. वरील उदाहरणातील २.५ आणि ३ हे दोन व्याजदर याच अडचणीची दोन टोके आहेत. पहिला साठ्याच्या बाजाराचा त्या दिवसाचा निवाडा आहे, दुसरा प्रवाह स्थिरावल्यानंतरचा.

उत्पन्नातील वाढ १०० च का आली, या प्रश्नाचे उत्तर दोन्ही वक्रांच्या चढउतारांत आहे. याची परीक्षा पाहण्यासाठी मूळ बिंदू तोच, म्हणजे ४ टक्के व १६००, ठेवून एकेक वर्तनसंबंध बदलून पाहता येतो.

प्रथम पैशाची मागणी व्याजाला फार संवेदनशील माना. मागणी १२०० + ०.५उ − ४००व अशी घ्या. ४ टक्के व १६०० ला ती पूर्वीप्रमाणेच ४०० येते. आता साठ्यात तेच १५० घातले तर व्याज पहिल्या दिवशी केवळ ३.६३ पर्यंत उतरते आणि अखेरीस सुमारे ३.६७ वर स्थिरावते. उत्पन्न १६३३ होते. १०० च्या जागी ३३. लोक थोड्याशा व्याजउतारानेच पैसा शिलकेत ठेवण्यास तयार असल्यामुळे जादा पैसा निष्क्रिय शिलकांत मुरून गेला. हे प्रमाण अमर्याद वाढले म्हणजे हिक्स यांच्या वक्राचे ते आडवे टोक, ज्याला पुढे रोखतेचा सापळा म्हटले गेले, ते गाठले जाते.

आता पैशाची मागणी पहिल्यासारखी ठेवून गुंतवणूक व्याजाला जवळजवळ बधिर माना. ती २२० − ५व अशी घ्या. आय-एस वक्र उ = १६८० − २०व असा बराच उभा होतो. साठा ५५० केल्यावर व्याज २.६४ पर्यंत कोसळते, पण उत्पन्न १६२७ च्या पुढे जात नाही.

दोन्ही प्रसंगांत उत्पन्नातील वाढ जवळजवळ सारखी आहे, ३३ व २७. केवळ उत्पन्नाकडे पाहणाऱ्याला ‘चलनविस्तार निष्प्रभ ठरला’ एवढेच दोन्हीकडे दिसेल. व्याजदर मात्र दोन अगदी भिन्न गोष्टी सांगतो. पहिल्या प्रसंगी तो हललाच नाही. म्हणजे पैसा आणि व्याज यांच्यातील दुवा तुटलेला आहे. दुसऱ्या प्रसंगी तो पुष्कळ उतरला, पण गुंतवणूकदाराने तिकडे पाहिले नाही. म्हणजे व्याज आणि गुंतवणूक यांच्यातील दुवा तुटलेला आहे. उपायही वेगळे पडतात. पहिल्या प्रसंगी सरकारी खर्च वाढविल्यास व्याज फारसे चढणार नाही आणि गुणक जवळजवळ पूर्ण फळ देईल. दुसऱ्या प्रसंगी व्याज चढेल खरे, पण गुंतवणूकच त्याला दाद देत नसल्यामुळे खाजगी खर्च मागे हटणार नाही. उत्तरपत्रिकांत या दोन कारणांची नेहमी सरमिसळ होते. ‘मंदीत चलन धोरण दुबळे असते’ या एका विधानाखाली दोन्ही झाकली जातात आणि आकृती काढण्याचा हेतूच फसतो.

किंमत पातळीचे गृहीत बाजूस सारल्यास काय होते, तेही याच संख्यांत दिसते. एल-एम वक्रातील पैसा हा वास्तव मूल्यातील पैसा असतो. साठा ५५० झाल्यावर किमती दहा टक्क्यांनी वाढल्या तर वास्तव साठा ५०० च उरतो. व्याज सुमारे ३.३३ आणि उत्पन्न सुमारे १६६७ होते. किमती साडेसदतीस टक्क्यांनी वाढल्या तर वास्तव साठा पुन्हा ४०० आणि अर्थव्यवस्था मूळच्या बिंदूवर. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी १९५२ साली अल्पविकसित अर्थव्यवस्थेतील गुणकाविषयी जो सुप्रसिद्ध आक्षेप घेतला, त्याचे आकृतीतील स्थान हेच. शेतीप्रधान देशात कौटुंबिक उत्पादन हीच मुख्य पद्धती असेल आणि मागणीबरोबर पुरवठा वाढत नसेल, तर खर्चातील वाढ उत्पादनात न उतरता किमतींत उतरते. राव यांचा रोख गुणकावर होता, चलन धोरणावर नव्हे. परंतु गुणकच जर किमतींत विरघळत असेल तर एल-एम वक्राचे उजवीकडे सरकणेही टिकत नाही, हे त्यातून ओघानेच येते.

आकृतीवर एक आधुनिक आक्षेप असा की मध्यवर्ती बँका आता पैशाचा साठा ठरवीतच नाहीत. त्या अल्पकालीन व्याजदर ठरवितात आणि त्या दराला जितका पैसा मागितला जाईल तितका पुरवितात. आक्षेप वस्तुस्थितीला धरून आहे. मात्र त्याने आकृती निकामी होत नाही, तिचे वाचन बदलते. वरील मूळ उदाहरणात बँकेने २.५ टक्के दर धरून ठेवण्याचे ठरविले असे समजा. मग आय-एस वक्रावरून उत्पन्न १७५० येते, आणि त्या उत्पन्नाला त्या दराने लागणारा पैसा ६२५ आहे. म्हणजे साठा १५० ने नव्हे तर २२५ ने वाढू द्यावा लागतो. व्याज परत चढू नये यासाठी व्यवहारांच्या वाढत्या गरजेचा पैसाही बँकेला पुरवावा लागला. येथे एल-एम वक्र आडवी रेषा असतो. पण हे आडवेपण लोकांच्या रोखतेच्या ओढीतून आलेले नाही, बँकेच्या निश्चयातून आलेले आहे. दोन्ही आडव्या रेषा कागदावर सारख्या दिसतात. एकीवर चलन धोरण पांगळे असते, दुसरीवर ते सर्वांत समर्थ असते.

हे सारे प्रत्यक्ष घटनेला लावून पाहण्यासाठी भारतातील २०२० सालचा अनुभव घेण्यासारखा आहे. २७ मार्च २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने रेपो दर ५.१५ वरून ४.४० टक्के केला आणि २२ मे रोजी तो ४ टक्क्यांवर आणला. रोख राखीव प्रमाण ठेवींच्या ४ टक्क्यांवरून ३ टक्के करण्यात आले. त्यामुळे बँकांकडे सुमारे १ लाख ३७ हजार कोटी रुपये मोकळे झाले. ज्या दराने बँका त्या वेळी आपला जादा पैसा रिझर्व्ह बँकेकडे ठेवीत असत तो रिव्हर्स रेपो दर ४.९० वरून पायरीपायरीने ३.३५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे रेपो दरापेक्षाही अधिक, उतरविण्यात आला. पैसा मुबलक झाल्यामुळे एका रात्रीच्या उसनवारीचा दर रेपोच्या आसपास न राहता या खालच्या दराकडे झुकला. धोरणाचा खरा दर कोणता असे विचारल्यास त्या काळापुरते उत्तर ‘रिव्हर्स रेपो’ असेच द्यावे लागेल. आकृतीत व्याजदर एकच असतो. प्रत्यक्षात बँकांचा परस्परांतील दर, सरकारी रोख्यांवरील दर व कर्जदाराला पडणारा दर हे निरनिराळ्या गतीने हलतात. ऑक्टोबर २०१९ पासून घरकर्जे व लघुउद्योगांची नवी तरत्या दराची कर्जे बाह्य मानकदराशी बांधली गेली होती. तेथे उतार लवकर पोहोचला, मोठ्या उद्योगांच्या जुन्या कर्जांपर्यंत सावकाश.

चलनविस्तार झाला, व्याज उतरले. उत्पन्नाचे काय झाले? एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत स्थूल देशांतर्गत उत्पादन मागील वर्षाच्या त्याच तिमाहीपेक्षा २३.९ टक्क्यांनी घटल्याचा पहिला अंदाज प्रसिद्ध झाला. केवळ आरंभीचा व अखेरचा बिंदू पाहणाऱ्याला व्याज व उत्पन्न दोन्ही खाली आलेले दिसतील, आणि एल-एम वक्र उजवीकडे सरकल्याने असे कधीच घडत नाही. म्हणजे त्या काळात आय-एस वक्र डावीकडे सरकला होता, हे आकृतीच सांगते. टाळेबंदीत उपभोग व गुंतवणूक या दोहोंचे स्वयंभू अंश खचले होते. इतकेच नव्हे तर अनिश्चिततेपायी लोकांनी हाती अधिक नोटा बाळगल्या आणि बँकांनी मोकळा झालेला पुष्कळसा पैसा कर्जाऊ देण्याऐवजी रिझर्व्ह बँकेकडेच परत ठेवला; पैशाची मागणीच वाढली, हे तिसरे सरकणे. याखेरीज उत्पादन काही अंशी मागणीअभावी नव्हे, तर कारखाने बंद असल्यामुळे थांबले होते. आणि त्या अंशाला आय-एस वक्रात जागाच नाही. २०२०-२१ मध्ये ग्राहक किमतींची वाढ सरासरी ६.२ टक्के राहिली, ती याच्याशी सुसंगत आहे. मागणी खचल्याने उत्पन्न घटले असते तर किमतींचा जोर त्या मानाने कमी व्हावयास हवा होता. शिवाय गुंतवणूकदार पाहतो तो महागाई वजा केलेला वास्तव दर, तर शिलकेत पैसा ठेवणारा पाहतो तो नाममात्र दर. महागाई ६ टक्के असता आकृतीचा एकच उभा अक्ष दोघांची सोय करू शकत नाही.

अशा प्रसंगी वर सांगितलेली कसोटी, म्हणजे व्याज हलले की नाही ते पाहून अडथळ्याची जागा ओळखणे, सरळ लागू करता येत नाही, कारण ती आय-एस वक्र जागेवर आहे या अटीवर उभी आहे. काय करावे लागते, ते मूळच्या संख्यांतच पाहता येईल. स्वयंभू खर्च १५० ने घटला असे माना; आय-एस वक्र उ = १४०० − १००व असा होतो. बँकेने काहीच केले नसते तर व्याज आपोआप २ टक्क्यांवर आणि उत्पन्न १२०० वर आले असते. साठा ५५० केल्यास व्याज १ टक्का व उत्पन्न १३००. पाहणाऱ्याला दिसते ते १६०० वरून १३०० आणि ४ वरून १. तीन टक्क्यांच्या उतारापैकी दोन टक्के मंदीचेच आहेत. धोरणाच्या वाट्याला एक टक्का व १०० उत्पन्न येते, आणि ते १०० कोणत्याही आकडेवारीत वेगळे छापलेले नसते.

आता भीतीपोटी पैशाची मागणीही प्रत्येक व्याजदराला १५० ने वाढली असे धरा. साठ्यातील वाढ तेवढीच असल्यामुळे एल-एम वक्र जुन्या जागी परत जातो आणि अर्थव्यवस्था २ टक्के व १२०० वर येते. बँकेने १५० चा पैसा ओतला आणि परिणाम शून्य, असे कोणीही म्हणेल. पण तुलना मूळच्या १६०० शी किंवा बँक स्वस्थ राहिल्यावरच्या पहिल्या १२०० शी करावयाची नाही. पैशाची मागणी वाढली असता साठा ४०० च राहिला असता, तर एल-एम वक्र उ = ५०० + २००व असा डावीकडे गेला असता; व्याज मंदीतही ३ टक्क्यांवर अडकले असते आणि उत्पन्न ११०० पर्यंत घसरले असते. धोरणाचे फळ १०० च आहे, पूर्वीइतकेच. फरक एवढाच की या वेळी ते ज्या बिंदूपासून मोजावयाचे तो बिंदू कधी अस्तित्वातच आला नाही.